प्रयोगाची ओळख आणि प्रयोगांतर : लिहिलेले रूप व ऐकलेले रूप

मराठी व्याकरणातील प्रयोगविचार शाळेपासून पदव्युत्तर वर्गापर्यंत शिकविला जातो आणि तरीही उत्तरपत्रिका तपासताना याच प्रकरणात सर्वाधिक चुका आढळतात, असा अनेक अध्यापकांचा अनुभव आहे. चुका व्याख्या न आल्यामुळे होतात असे मात्र नाही. व्याख्या बहुतेकांना पाठ असतात. प्रश्नपत्रिकेत 'मी हळद विकली' असे वाक्य आले, की व्याख्या पाठ असलेला विद्यार्थी त्याला बेधडक कर्तरी प्रयोग म्हणतो आणि 'कर्त्याला ने हा प्रत्यय नाही' असे कारण देतो. 'त्याने बैल विकले' हे वाक्य आले, की 'क्रियापद एकारान्त आहे' म्हणून तो भावे प्रयोग ठरवितो. दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. आणि दोन्ही ठिकाणी विद्यार्थ्याला फसविले आहे ते भाषेने नव्हे, तर लेखनाने, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्या मताची मांडणी करून मग प्रयोगांतराच्या, म्हणजे एका प्रयोगातील वाक्य दुसऱ्या प्रयोगात नेण्याच्या मर्यादा कोणत्या, हे पुढे पाहावयाचे आहे. उदाहरणे बहुतांशी हिंगोली परिसरातील व्यवहारातून घेतली आहेत. विद्यार्थ्याला ती रूपे कानाने परिचित असतात आणि या लेखाचा सारा भर कानावर आहे.

१. नियम

प्रयोग म्हणजे वाक्यातील कर्ता किंवा कर्म यांच्याशी क्रियापदाचा असलेला अन्वय, ही कल्पना दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या १८३६ सालच्या व्याकरणापासून चालत आलेल्या परंपरेत स्थिर झाली आणि मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरण' या ग्रंथात तिचा विस्ताराने विचार झाला. या परंपरेचे सार तीन नियमांत सांगता येते.

क्रियापद कर्त्याच्या लिंग, वचन व पुरुष यांना अनुसरते तेव्हा प्रयोग कर्तरी होय. अशा वेळी कर्ता प्रथमेत असतो. कर्म असल्यास ते प्रथमेत किंवा प्रत्ययासह द्वितीयेत असू शकते. त्याने प्रयोग बदलत नाही. 'बाई हळद निवडते', 'बाया हळद निवडतात', 'मी हळद निवडतो'.

क्रियापद कर्माच्या लिंगवचनाला अनुसरते तेव्हा प्रयोग कर्मणी होय. अशा वेळी कर्म प्रत्ययरहित, म्हणजे प्रथमेच्या रूपात असते आणि कर्ता तृतीयेत, क्वचित चतुर्थीत किंवा 'कडून' या शब्दयोगी अव्ययाने युक्त असतो. 'बाईने हळद निवडली', 'बाईने गहू निवडला', 'बाईने तांदूळ निवडले'.

क्रियापद कर्ता व कर्म यांपैकी कोणालाही अनुसरत नाही, ते तृतीय पुरुषी, नपुंसकलिंगी, एकवचनी असे स्थिर राहते, तेव्हा प्रयोग भावे होय. अशा वेळी कर्ता तृतीयेत किंवा चतुर्थीत असतो आणि कर्म असल्यास त्याला द्वितीयेचा प्रत्यय लागलेला असतो. 'पोलिसाने चोराला पकडले', 'पोलिसांनी चोरांना पकडले', 'पोलिसाने बाईला पकडले'. तिन्ही वाक्यांत 'पकडले' हेच रूप राहते.

या तिन्ही नियमांत 'ने' हा प्रत्यय प्रयोगाचे लक्षण म्हणून आलेला नाही. लक्षण आहे ते क्रियापदाच्या अनुसरणाचे. प्रत्यय हा त्याचा सोबती आहे, आणि सोबती कधी दिसत नाही, कधी दिसूनही दिशाभूल करतो. म्हणून प्रयोग ओळखण्याची एकच खरी कसोटी राहते : कर्ता बदलून पाहावा, मग कर्म बदलून पाहावे, आणि क्रियापद कोणाबरोबर बदलते ते पाहावे. वर 'बाई'ऐवजी 'बाया' घातले आणि 'हळद'ऐवजी 'गहू' घातला तो याच हेतूने.

२. 'मी' आणि 'म्या'

आता 'मी हळद विकली' या वाक्याकडे वळू. कर्ता बदलला तर 'त्याने हळद विकली', 'बायांनी हळद विकली'. क्रियापद ढळत नाही. कर्म बदलले तर 'मी कापूस विकला', 'मी सोयाबीन विकले'. क्रियापद तत्काळ बदलते. प्रयोग कर्मणी आहे हे उघड आहे. तरीही विद्यार्थी चुकतो, कारण 'मी' या रूपाला प्रत्यय दिसत नाही. प्रथम आणि द्वितीय पुरुषाच्या सर्वनामांत, म्हणजे मी, आम्ही, तू, तुम्ही यांत, प्रमाण मराठीने प्रथमा आणि तृतीया यांची रूपे एकसारखी करून टाकली आहेत. 'मी गेलो' यातील 'मी' प्रथमा आहे, 'मी हळद विकली' यातील 'मी' तृतीया आहे; डोळ्यांना दोन्ही सारखेच.

मात्र हा भेद भाषेतून नाहीसा झालेला नाही. जुन्या मराठीत 'म्यां' आणि 'त्वां' ही तृतीयेची स्वतंत्र रूपे होती, आणि खेड्यापाड्यांतील बोलीत ती अद्याप ऐकू येतात. आपल्या भागातील वडीलधाऱ्या माणसाच्या तोंडी 'मी गेलो' असे येईल, पण हळदीविषयी तो 'म्या हळद इकली' असे म्हणेल. 'म्या गेलो' असे तो कधी म्हणणार नाही. व्याकरणाचे पुस्तक न पाहिलेला हा माणूस प्रथमा आणि तृतीया यांची अचूक निवड करीत असतो. वर्गात बोलीला हसणारा विद्यार्थी ज्या प्रश्नात अडतो, त्याचे उत्तर त्याच्या आजोबांच्या बोलण्यात असते. (ही टीका विद्यार्थ्यावर नाही. बोलीतील रूप म्हणजे अशुद्ध रूप, असे त्याला शिकविणारे आपणच.)

ज्याच्या घरच्या बोलीत 'म्या' उरलेले नाही, त्याच्यासाठी पर्यायी कसोटी सोपी आहे. 'मी'च्या जागी तृतीय पुरुष घालावा. 'तो' बसला तर कर्ता प्रथमेत, 'त्याने' घालावे लागले तर तृतीयेत. 'तो हळद विकली' होत नाही. 'त्याने हळद विकली' होते. म्हणून मूळचा 'मी' तृतीयेतील आहे.

हीच कसोटी उलट दिशेनेही उपयोगी पडते. सकर्मक धातूचा भूतकाळ म्हणजे कर्मणी, असा एक ढोबळ नियम विद्यार्थी करून घेतात. काही धातू त्याला जुमानत नाहीत. 'तो धडा शिकला', 'ती लुगडे नेसली', 'मी तुझे नाव विसरलो', 'तो भाकरी जेवला' या वाक्यांत कर्म आहे, भूतकाळ आहे, तरी क्रियापद कर्त्याबरोबरच बदलते. शिकणे, नेसणे, विसरणे, जेवणे, बोलणे, पिणे असे हे मोजके धातू आहेत आणि ते पाठच करावे लागतात. 'म्हणणे' तर दोन्हीकडे आहे : 'तो म्हणाला' कर्तरी, 'त्याने कविता म्हटली' कर्मणी. 'पिणे' या धातूच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. प्रमाण भाषेत 'तो पाणी प्याला' असा कर्तरी प्रयोग होतो, तर आपल्याकडे बोलण्यात 'त्यानं पाणी पिलं' असे सर्रास ऐकू येते, आणि तो निःसंशय कर्मणी आहे, कारण चहा असेल तर 'त्यानं चहा पिला' असे होते. बोलीने येथे अपवाद मोडून धातूला सर्वसाधारण नियमात आणून बसविले. म्हणजे प्रयोग धातूला जन्मतः चिकटलेला नसतो. एकाच धातूचा प्रयोग प्रमाण भाषेत एक आणि बोलीत दुसरा असू शकतो. परीक्षेत प्रमाण रूप अपेक्षित असले, तरी समोरचे वाक्य ज्या रूपात आहे त्या रूपाचाच प्रयोग सांगावयाचा असतो, हे ध्यानात असावे.

३. 'ले' आणि 'लं'

दुसरी अडचण 'ले' या अक्षराची. लेखनात 'विकले' हे रूप दोन वेगळी कामे करते. ते नपुंसकलिंगी एकवचन आहे ('सोयाबीन विकले') आणि पुल्लिंगी अनेकवचनही आहे ('बैल विकले'). भावे प्रयोगाचे क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनीच असल्यामुळे 'ले' दिसताच विद्यार्थी भावेकडे धावतो. पण 'त्याने बैल विकले' यात बैल अनेक आहेत आणि क्रियापद त्यांना अनुसरले आहे. एकच बैल असता तर 'विकला' झाले असते, गाय असती तर 'विकली'. हा कर्मणी प्रयोग आहे.

बोलण्यात हा घोटाळा होतच नाही. बैल अनेक असतील तर 'बैल इकले', आणि सोयाबीन असेल तर 'सोयाबीन इकलं'. पुल्लिंगी अनेकवचन 'ले' राहते, नपुंसकलिंगी एकवचन 'लं' होते. भावे प्रयोगातही हाच 'लं' ऐकू येतो : 'पोलिसानं चोराला पकडलं'. जुन्या लेखनातही हा भेद जपलेला होता. 'विकलें' असा अनुस्वार नपुंसकलिंगी एकवचनावर दिला जाई आणि पुल्लिंगी अनेकवचन अनुस्वाराविना लिहिले जाई. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. लेखन सोपे झाले यात शंका नाही, आणि ते अनुस्वार परत आणावेत असे येथे सुचवावयाचे नाही. परंतु प्रयोग ओळखण्याची एक दृश्य खूण त्या नियमांबरोबर गेली. तिची भरपाई उच्चाराने करून घ्यावी लागते.

'ले' ज्या वाक्यात असेल ते वाक्य घरी बोलल्यासारखे मोठ्याने म्हणावे. 'ले' तसेच राहिले तर क्रियापद पुल्लिंगी अनेकवचनी आहे. वाक्यात प्रत्ययरहित कर्म असेल तर प्रयोग कर्मणी, अकर्मक वाक्य असेल तर कर्तरी ('बैल आले'). 'लं' झाले तर क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनी आहे. मग कर्माकडे पाहावे. कर्म प्रत्ययरहित व नपुंसकलिंगी एकवचनी असेल तर कर्मणी, कर्माला 'ला' वा 'ना' असेल तर भावे.

याच कारणाने 'मुलाने पुस्तक वाचले' हे वाक्य फसवे ठरते. येथे 'लं' ऐकू येतो, आणि पुस्तक नपुंसकलिंगी असल्यामुळे क्रियापद कर्माला अनुसरले की स्थिर आहे, हे त्या एका वाक्यावरून कळत नाही. कर्म बदलावे : 'मुलाने पोथी वाचली', 'मुलाने ग्रंथ वाचला'. क्रियापद हलले, म्हणून कर्मणी. परीक्षकांना विनंती अशी, की ओळखावयास दिलेल्या वाक्यात कर्म नपुंसकलिंगी एकवचनी शक्यतो ठेवू नये. आणि ठेवलेच, तर विद्यार्थ्याने कसोटी लावून दाखविली आहे की नाही यावर गुण द्यावेत.

आदरार्थी अनेकवचनाने हा प्रश्न अधिक नाजूक होतो. नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरा ज्या नरसीकडे बोट दाखविते ते गाव आणि विसोबा खेचरांच्या कथेशी जोडलेले औंढा नागनाथ ही दोन्ही स्थाने आपल्या जिल्ह्यातलीच. त्या कथेवरून दोन वाक्ये करू : 'नामदेवांनी विसोबा गुरू केले' आणि 'नामदेवांनी विसोबांना गुरू केले'. लेखनात क्रियापद एकच आहे. पहिले वाक्य बोलताना 'केले' हेच रूप राहते, कारण विसोबा हे आदरार्थी अनेकवचनी पुल्लिंगी कर्म आहे आणि क्रियापद त्याच्याशी जुळते. हा कर्मणी. दुसरे वाक्य बोलताना 'केलं' होते. विसोबांना 'ना' लागला, क्रियापदाचा त्यांच्याशी असलेला संबंध सुटला आणि ते स्थिर रूपात गेले. हा भावे. 'गुरू' हा शब्द येथे कर्म नसून कर्माविषयीचे विधान पुरे करणारा आहे. त्याला क्रियापद अनुसरत असते, तर दुसऱ्या वाक्यात 'केला' दिसले असते.

४. 'ला' दिसला म्हणून भावे नव्हे

'ला' हा प्रत्यय द्वितीयेचा आहे तसाच चतुर्थीचाही आहे, आणि येथे तिसरी चूक होते. 'गुरुजींनी मुलाला वही दिली' या वाक्यात 'मुलाला' पाहून कित्येक जण भावे लिहितात. दिली गेलेली वस्तू वही आहे, तीच कर्म आहे आणि क्रियापद तिला अनुसरले आहे. मुलगा हा ज्याला द्यावयाचे तो, म्हणजे संप्रदान. येथे प्रयोग कर्मणी. 'मुलांनी आईला मदत केली' हे वाक्यही तसेच. कर्म 'मदत', आई नव्हे. वाक्यात दोन नामे असतील आणि एकाला 'ला' असेल, दुसरे प्रत्ययरहित असेल, तर प्रत्ययरहित नाम बदलून पाहिल्याखेरीज निर्णय देऊ नये.

५. एक उतारा सोडवून

वरील कसोट्या एकत्र कशा वापराव्यात हे दाखविण्यासाठी वर्गात वापरलेला एक लहानसा उतारा देतो. एका मुलाने भावाला उद्देशून केलेले ते बोलणे आहे.

'उजाडले तेव्हा आम्ही हळद भरली. वडिलांनी बैलांना पाणी पाजले. धाकट्याने पोती मोजली. मी हमालाला बोलावले. बाजारात गेलास तेव्हा तू भाव विचारलास का? गेल्या वर्षी आपण बैल विकले होते. सगळे थकले होते.'

'आम्ही हळद भरली' येथे 'आम्ही'च्या जागी 'त्यांनी' घालावे लागते, आणि हळदीऐवजी गहू असेल तर 'भरला' होते, कर्मणी. 'धाकट्याने पोती मोजली' यात 'मोजली' हे रूप 'वही मोजली' यासारखे स्त्रीलिंगी एकवचन दिसते, पण पोते नपुंसकलिंगी आहे आणि 'पोती' हे त्याचे अनेकवचन. एकच असते तर 'पोते मोजले'. कर्मणीच. 'मी हमालाला बोलावले' यात हमालांना, बाईला, सुताराला असे कोणतेही कर्म घातले तरी 'बोलावले' तसेच राहते, भावे. 'आपण बैल विकले होते' यात बोलताना 'इकले' राहते, कर्म अनेकवचनी पुल्लिंगी, कर्मणी. 'सगळे थकले होते' अकर्मक, कर्ता बदलला तर 'ती थकली होती', कर्तरी.

तीन वाक्ये मुद्दाम मागे ठेवली. 'वडिलांनी बैलांना पाणी पाजले' या वाक्यात 'बैलांना' आहे, क्रियापद 'लं'ने उच्चारले जाते, म्हणजे भावेची दोन्ही बाह्य चिन्हे हजर आहेत. पाणी बदलून पेंड घालावी आणि पाजण्याऐवजी चारणे घ्यावे : 'वडिलांनी बैलांना पेंड चारली'. क्रियापद पेंडीला अनुसरले. तेव्हा मूळ वाक्यातही क्रियापद पाण्यालाच अनुसरले होते, पाणी नपुंसकलिंगी असल्यामुळे ते दिसले नाही इतकेच. कर्मणी.

'तू भाव विचारलास' या वाक्यात क्रियापदाचे दोन भाग दोन दिशांना पाहतात. 'विचारला' हा भाग भाव या पुल्लिंगी कर्माला अनुसरतो. किंमत असती तर 'विचारलीस' झाले असते. शेवटचा 'स' मात्र द्वितीय पुरुषी कर्त्याचा आहे. कर्ता 'तुम्ही' झाला तर 'विचारलात'. परंपरेने याला कर्तृ-कर्म-संकर असे नाव दिले आहे. त्याच न्यायाने 'तू हमालाला बोलावलेस' येथे कर्तृ-भाव-संकर होतो. शालेय पुस्तके हे प्रकार गाळतात, आणि मग द्वितीय पुरुषी वाक्य आले की शिक्षकही अडखळतो. नाव माहीत नसले तरी विश्लेषण करता येते, म्हणून शिकवताना क्रियापद तोडून दाखवावे.

राहिले 'उजाडले'. यात कर्ताच नाही. क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनी स्थिर आहे, म्हणून काही जण याला अकर्तृक भावे प्रयोग म्हणतात. क्रियेचा भाव हाच कर्ता मानून काही जण भावकर्तरी म्हणतात. कृ. श्री. अर्जुनवाडकरांनी १९८७ साली 'मराठी व्याकरण : वाद आणि प्रवाद' या ग्रंथात मराठी व्याकरणातील मतभेदांची जी साक्षेपी तपासणी केली, ती वाचलेला अध्यापक अशा ठिकाणी एका नावाचा आग्रह धरणार नाही. येथे क्रियापद कशालाही अनुसरत नाही हे विद्यार्थ्याने सांगितले की पुरे.

६. प्रयोगांतर

वाक्याचा अर्थ आणि काळ कायम ठेवून क्रियापदाचा अन्वय एका पदाकडून दुसऱ्या पदाकडे नेणे म्हणजे प्रयोगांतर. ही व्याख्या नीट वाचली तर वर्गात दिले जाणारे पहिलेच उदाहरण कोसळते. 'शेतकरी हळद शिजवतो' याचे कर्मणी रूप म्हणून 'शेतकऱ्याने हळद शिजवली' असे सांगितले जाते. प्रयोग बदलला, पण काळही बदलला. वर्तमानाचा भूत झाला. हे प्रयोगांतर नव्हे.

याचे मूळ ऐतिहासिक आहे. मराठीचा भूतकाळ संस्कृतातील कर्मणि भूतकालवाचक धातुसाधितातून आला. 'बालेन ग्रन्थः पठितः' आणि 'बालेन पत्रिका पठिता' या वाक्यांत धातुसाधित कर्माप्रमाणे बदलते, कर्ता तृतीयेत जातो. 'मुलाने ग्रंथ वाचला', 'मुलाने पत्रिका वाचली' ही त्याचीच सरळ परंपरा. म्हणून मराठीत सकर्मक धातूचा साधा भूतकाळ मुळातच कर्मणी असतो, त्याला समांतर असा कर्तरी भूतकाळ नसतो (वर सांगितलेले शिकणे, नेसणे हे धातू सोडून). इंग्रजीप्रमाणे दोन समांतर रूपे समोर ठेवून एकातून दुसऱ्यात जाण्याची सोय येथे नाही. मराठीत भावे प्रयोगही संस्कृतापेक्षा पसरला : संस्कृतात भावे प्रयोग अकर्मक धातूंचा, मराठीत तो 'ला' लागलेल्या कर्माबरोबर सकर्मक धातूंनाही आला.

या मर्यादेत पुढील मार्ग शिल्लक राहतात.

कर्तरीकडून कर्मणीकडे, वर्तमान व भविष्य काळात : कर्त्याला 'कडून' लावावे, मूळ धातूचे भूतकालवाचक रूप कर्माप्रमाणे चालवावे आणि त्याला 'जाणे' हे क्रियापद मूळ काळात जोडावे. 'शेतकरी हळद शिजवतो', 'शेतकऱ्याकडून हळद शिजवली जाते'. 'शेतकरी हळद शिजवील', 'शेतकऱ्याकडून हळद शिजवली जाईल'. धातू सकर्मक असणे ही अट. या रचनेत 'हळद' हीच प्रथमेत आहे आणि 'जाते' तिला अनुसरते, म्हणून काही वैयाकरण हिला कर्मकर्तरी म्हणतात. व्यवहारात ही रचना कर्ता गाळूनच शोभते : 'वसमतच्या बाजारात हळद विकली जाते'. 'शेतकऱ्याकडून' घातल्यावर वाक्य सरकारी कागदासारखे वाटू लागते, आणि तो वास खरा आहे. भूतकाळात तर 'कडून' वेगळाच अर्थ सुचवितो. 'त्याने हळद जास्त शिजवली' यात कृती त्याची आहे. 'त्याच्याकडून हळद जास्त शिजवली गेली' यात ती नकळत घडल्याची कबुली आहे. शिवाय येथे कर्मणीचे कर्मणीच राहिले. प्रयोगांतर झालेच नाही.

कर्मणीकडून कर्तरीकडे, भूतकाळात : साधा भूतकाळ कायम ठेवून हे होत नाही. 'शेतकरी हळद शिजवता झाला' असे रूप जुन्या गद्यात चालले, आज ते कृत्रिम वाटते. 'शिजवत होता' किंवा 'शिजवीत असे' केले तर क्रिया पूर्ण झाल्याचा अर्थ जातो. प्रश्नपत्रिकेत असे रूपांतर मागावयाचे असेल तर 'आवश्यक तेथे काळ बदलून' असे स्पष्ट लिहावे. न लिहिल्यास काळ न बदलणारा प्रामाणिक विद्यार्थी उत्तर देऊ शकणार नाही.

कर्मणीकडून भावेकडे : प्रत्ययरहित कर्माला 'ला' वा 'ना' लावावे आणि क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनी करावे. 'त्याने बैल बांधला', 'त्याने बैलाला बांधले'. काळ टिकला, कर्ता तृतीयेतच राहिला. मराठीतील सर्वांत निर्दोष प्रयोगांतर हेच. पण त्याला कर्माच्या स्वरूपाची मर्यादा आहे. निर्जीव कर्माला ते सहसा मानवत नाही : 'त्याने हळदीला विकले' असे कोणी म्हणत नाही. विशेषनाम असलेल्या माणसाबाबत उलट अडचण येते. 'त्याने गंगूला पाहिले' हे सहज आहे, 'त्याने गंगू पाहिली' हे नाही. आणि जेथे दोन्ही रूपे सहज आहेत तेथेही अर्थ सरकतो. 'त्याने मुलगी पाहिली' म्हटले की लग्नाच्या बोलण्यासाठी पाहणे हाच अर्थ प्रथम मनात येतो. 'त्याने मुलीला पाहिले' म्हटले की एक ठरावीक मुलगी त्याच्या दृष्टीस पडली. प्रत्ययाने कर्म निश्चित होते, व्यक्ती होते. प्रयोगांतर यांत्रिक झाले तर हा फरक हातचा जातो.

कर्तरीकडून भावेकडे हा मार्ग मुख्यतः विध्यर्थात आहे : अकर्मक क्रियापदाच्या कर्त्याला 'ने' लावावा आणि क्रियापद 'वे'कारान्त करावे. 'पाऊस यावा', 'पावसाने यावे'. 'पाऊस थांबावा', 'पावसाने थांबावे'. क्रियापदाने कर्त्याशी असलेला अन्वय सोडला. पहिल्या वाक्यात इच्छा आहे. दुसऱ्यात पावसाकडून केलेली अपेक्षा आहे, जवळजवळ त्याला उद्देशून बोलल्यासारखी. विध्यर्थी सकर्मक क्रियापद मात्र पुन्हा कर्माकडेच पाहते : 'मुलाने धडा वाचावा', 'मुलाने कविता वाचावी'. तेथे 'वे' दिसला तरी कर्म तपासावे, कारण 'मुलाने पुस्तक वाचावे' हे भावे नसून कर्मणी आहे, आणि बोलताना ते 'वाचावं' होते.